गहाण म्हणजे विक्री नव्हे : सोने तारण ठेवणाऱ्यांचा जाहीरनामा

आम्ही सोने गहाण टाकलेली माणसे आहोत. मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी पाटल्या काढून देणारे, मुलीच्या प्रवेशाची फी भरायला मोहनमाळ काउंटरवर ठेवणारे, दवाखान्याने रात्री अनामत मागितली म्हणून सकाळी शाखा उघडायची वाट पाहत पायरीवर बसलेले. आम्ही कुणाकडे हात पसरला नाही. जेवढे पैसे उचलले त्याहून जास्त किमतीची वस्तू आधी समोर ठेवली. तारण देणारा ऋणको हा सगळ्यात भरवशाचा ऋणको, कारण त्याचा शब्द तिजोरीत कुलूपबंद असतो. तरीही सगळ्यात कमी सांगितले जाते ते त्यालाच.

त्या सकाळी काय घडते ते आम्हाला पाठ आहे. दागिना घासला जातो, काट्यावर ठेवला जातो, खडे आणि लाख वजा होतात, एक आकडा सांगितला जातो. मग पाने पुढे येतात आणि बोट ठेवलेल्या जागी सही होते. रांगेत मागे माणसे उभी असतात आणि पैशाची नड असते, म्हणून त्या पानांवर काय लिहिले आहे ते विचारायचे राहून जाते. ते वर्षभराने कळते, एका लिफाफ्यातून. कधीकधी लिफाफाही येत नाही.

ती पाने आता आम्ही वाचायला घेतली आहेत. वाचता वाचता लक्षात आले की आमचे दागिने तिथे तीन ठिकाणी हातातून निसटतात : व्याज कसे मोजायचे ते सांगणाऱ्या ओळीत, लिलावाची सूचना कशी द्यायची ते सांगणाऱ्या ओळीत आणि दंडाच्या ओळीत. बाकीचा मजकूर फारसा कुणाच्या अंगावर येत नाही. या तीन ओळी येतात, आणि त्या एकमेकींना धरून असतात.

एक हिशोब मांडू. आकडे मोजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत, पण रीत खरी आहे आणि आमच्यातल्या अनेकांनी ती भोगली आहे. एका बाईने १,४०,००० रुपये किमतीच्या पाटल्या ठेवून १,००,००० रुपये घेतले. काउंटरवर दर सांगितला गेला शेकडा एक, म्हणजे वर्षाला १२ टक्के. तिने मनाशी धरले, कांद्याचे पैसे आले की वर्षाच्या आत १,१२,००० भरायचे आणि पाटल्या सोडवायच्या. करारात मात्र असे होते की मूळ दर २४ टक्के, आणि दर महिन्याचे व्याज त्या त्या महिन्यात भरले तरच १२ टक्क्यांची सवलत. भरले नाही तर सवलत रद्द, तीही पहिल्या दिवसापासून. वर न भरलेले व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवायचे.

तिने महिन्याचे व्याज भरले नाही, कारण भरायचे असते हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. वर्षअखेरीस खात्यावर १,२६,८२४ रुपये उभे राहिले. नोटीस, जाहिरात आणि लिलावाचा खर्च २,००० धरला तर १,२८,८२४. सोन्याचा भाव वर्षभर जागचा हलला नाही असे मानू. पाटल्या पूर्ण किमतीला विकल्या गेल्या तर तिच्या हाती ११,१७६ रुपये परत येतात. तिने समजून घेतलेल्या दराने हिशोब झाला असता तर २६,००० आले असते. आणि पाटल्या किमतीच्या ८५ टक्क्यांना, म्हणजे १,१९,००० ला गेल्या तर? तिच्या समजुतीच्या हिशोबात ५,००० रुपये तिला परत मिळतात. कराराच्या हिशोबात पाटल्या जातात आणि वर ९,८२४ रुपयांची बाकी तिच्याच नावावर राहते. कर्ज तेच, सोने तेच, भाव तोच. मधे फक्त एक ओळ आहे, जी तिला वाचून दाखवली गेली नाही.

या ओळीला आमचा आक्षेप कोणता, ते नेमके सांगतो. जास्त दर लावणे हा धंद्याचा भाग असू शकतो. जास्त जोखमीला जास्त दर आम्ही समजू शकतो. पण चुकल्याच्या तारखेपासून पुढे दर वाढवणे वेगळे आणि चुकल्यावर मागे जाऊन पहिल्या दिवसापासून दर वाढवणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला पुस्तकी नाव सवलत मागे घेणे असले, तरी भरणाऱ्याच्या दृष्टीने तो दंड आहे. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याज बंद केले. कर्जदार चुकला तर वाजवी दंड-आकार घ्यावा, तो व्याजाच्या दरात मिसळू नये, त्यावर पुन्हा व्याज चढवू नये, असा तो नियम आहे. नव्या कर्जांना तो १ एप्रिल २०२४ पासून लागला. आम्ही म्हणतो, पुढच्या दाराने बाहेर काढलेले दंडव्याज सवलतीच्या नावाने मागच्या दाराने घरात येऊ देऊ नका.

ही गोष्ट ओळखायची कशी, तेही आम्ही शिकलो. खातेउतारा घ्यायचा. जेवढे व्याज मागितले आहे त्याला ३६५ ने गुणायचे, दिवसांच्या संख्येने भागायचे, आलेल्या आकड्याला मुद्दलाने भागून शंभराने गुणायचे. लाखाच्या कर्जावर ९० दिवसांचे ५,९१८ रुपये मागितले असतील तर उत्तर २४ येते. काउंटरवर १२ सांगितले होते ना? मग उरलेले १२ कुठल्या ओळीतून आले, ते लेखी विचारायचे. याहून सोपी खूणगाठ अशी : लाखाला १२ टक्क्यांनी दिवसाचे सुमारे ३३ रुपये होतात. दिवस मोजता येणाऱ्या कुणालाही आपले व्याज मोजता येते.

पण सही झाल्यावर शोध घेण्यापेक्षा सहीच्या आधी एक प्रश्न पुरतो. आज मी एवढे घेतले आणि वर्षभर एक रुपयाही भरला नाही, तर वर्षअखेरीस मला नेमके किती रुपये द्यावे लागतील? उत्तर टक्क्यांत घ्यायचे नाही, रुपयांत घ्यायचे, आणि कागदावर लिहून घ्यायचे. त्या बाईला सहीच्या आधी १,२६,८२४ हा आकडा दिसला असता तर तिने एक तर दर महिन्याला हजार रुपये भरायची सोय केली असती, नाही तर शेजारच्या बँकेत जाऊन विचारले असते. दोन्ही वाटा तिच्या होत्या. आकडा झाकून त्या बंद केल्या गेल्या.

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला 'मुख्य तथ्य विवरण' द्यायचे आहे. त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर एकाच आकड्यात लिहायचा असतो आणि त्या कागदावर नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. हा कागद आमच्या कामाचा आहे. मात्र आम्ही पाहिलेल्या पुष्कळ ठिकाणी तो सही झाल्यावर इतर पानांच्या मधे घालून दिला जातो, म्हणजे वाचायची वेळ गेल्यावर.

आता लिलावाच्या ओळीकडे येतो, कारण आमच्या मनाला सगळ्यात जास्त तिथे लागते.

दागिना गहाण ठेवला म्हणून तो सावकाराचा किंवा कंपनीचा होत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात हे स्पष्ट आहे. कलम १७६ सांगते की कर्ज थकले तर तारण विकता येते, पण त्याआधी वाजवी सूचना द्यावी लागते. विक्रीतून कर्जापेक्षा जास्त आले तर ते जास्तीचे पैसे मालकाला परत करावे लागतात. कलम १७७ त्याच्याही पुढे जाते : ठरलेली तारीख उलटली तरी, वस्तू प्रत्यक्ष विकली जाण्याच्या क्षणापर्यंत, मालकाला कर्ज आणि थकल्यामुळे झालेला खर्च भरून ती सोडवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पीटीसी इंडिया फायनान्शियल सर्व्हिसेसच्या खटल्यात हेच पुन्हा बजावले, की सूचना टाळता येत नाही आणि तारण घेणाऱ्याला ती वस्तू स्वतःलाच विकता येत नाही. म्हणून 'लिलावाची तारीख लागली, आता काही होणार नाही' हे काउंटरवरचे वाक्य खोटे आहे. हातोडा पडेपर्यंत पाटल्या आमच्याच.

हा हक्क वापरायचा तर सूचना हातात पडायला हवी. आमच्याकडच्या लिफाफ्यांवर शिक्के आहेत. चार तारखेचे पत्र, सात दिवसांची मुदत आणि टपाल कचेरीचा शिक्का सोळा तारखेचा. अशी सूचना कायद्याच्या वहीत दिली गेली असे दाखवता येते, घरात मात्र ती मुदत संपल्यावर पोहोचते. कुणाला इंग्रजीत एसएमएस आला आणि तो जाहिरातींच्या गर्दीत बुडाला. कुणाचे पत्र जुन्या भाड्याच्या खोलीवर गेले. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नाव नसते, बारीक अक्षरांत खाते क्रमांकांची रांग असते, आणि आपला खाते क्रमांक पाठ असलेला माणूस आम्हाला अजून भेटला नाही. करारात तेवढ्यात एक वाक्य असते, की शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पाठवलेली सूचना पोहोचली असे समजले जाईल. वाजवी सूचना या दोन शब्दांचा सगळा अर्थ आमच्या मते त्या टपालाच्या शिक्क्यात आहे. म्हणून लिफाफा फेकू नका. आतल्या पत्राइतकाच तो पुरावा आहे.

आणखी एका ओळीवर बोट ठेवतो, कारण ती मुदतीच्या आधीच घाव घालते. सोन्याचा भाव उतरला आणि कर्जाचे प्रमाण तारणाच्या किमतीच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, तर फरक भरा, नाही तर लिलाव, असे बहुतेक करारांत असते. सोने उतरण्याचा धोका देणाऱ्याला असतो हे खरे. पण न भरलेले व्याज मुद्दलात चढत गेले की भाव न उतरताही ती मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे व्याजाची ओळ लिलावाच्या ओळीला आमंत्रण देते.

रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ रोजी सोने आणि चांदीच्या तारणावरील कर्जांसाठी नवे निर्देश काढले आणि ते अमलात आणायला १ एप्रिल २०२६ पर्यंतची मुदत दिली. त्यांत आमच्या बाजूचे बरेच आहे. सोन्याचा कस ऋणकोच्या डोळ्यांदेखत पाहायचा आणि त्याचे प्रमाणपत्र द्यायचे. लिलाव कोणत्या परिस्थितीत, कोणत्या पद्धतीने आणि किती दिवसांच्या सूचनेनंतर होईल हे करारातच लिहायचे. राखीव किंमत चालू मूल्याच्या ९० टक्क्यांच्या खाली ठेवायची नाही. दोन लिलाव फसले तरच ती ८५ टक्क्यांपर्यंत आणता येते. लिलावाचे पूर्ण पैसे आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत शिल्लक रक्कम ऋणकोला द्यायची. कर्ज फेडल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिना परत द्यायचा, आणि देणाऱ्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ऋणकोला वाचता येत नसेल तर महत्त्वाच्या अटी साक्षीदारासमोर समजावून सांगायच्या, आणि तो साक्षीदार देणाऱ्याचा नोकर नसावा. ही शेवटची अट आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. तिथे पहिल्यांदा कुणीतरी मान्य केले की टेबलाच्या आमच्या बाजूलाही एक माणूस बसायला हवा.

वर्षअखेरीस मुद्दल आणि व्याज एकदम फेडायच्या कर्जाबद्दलही त्यांत एक शहाणी गोष्ट आहे. तारणाच्या किमतीशी प्रमाण मोजताना हातात दिलेली रक्कम धरायची नाही, मुदतअखेरीस देय होणारी पूर्ण रक्कम धरायची. अडीच लाखांपर्यंतच्या घरगुती गरजेच्या कर्जाला हे प्रमाण ८५ टक्के आहे. आमच्या उदाहरणात १,४०,००० चे ८५ टक्के म्हणजे १,१९,०००. सवलतीच्या दराने देय होणारे १,१२,००० त्यात बसतात. खऱ्या, बिनसवलतीच्या दराने होणारे १,२६,८२४ बसत नाहीत. म्हणून आमची मागणी साधी आणि नेमकी आहे : हे प्रमाण कराराच्या सगळ्यात महाग दराने मोजा. जो दर लावायची तुमची तयारी आहे, त्याच दराने आमची कुवतही मोजा.

आता सावकाराबद्दल. कंपनीची शाखा तालुक्याला असते, सावकार गल्लीत असतो आणि तो टक्के बोलत नाही. तो बोलतो शेकडा तीन, शेकडा पाच. महिन्याचे. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के, आणि दहा हजार देताना पहिल्या महिन्याचे पाचशे आधीच कापून साडेनऊ हजार हातात ठेवले तर ६३ च्याही वर. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सरकारने ठरवलेले कमाल दर त्याच भाषेत सांगायचे तर असे आहेत. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, म्हणजे महिन्याला शेकडा पाऊण रुपया. शेतकरी नसेल त्याला तारणावर १५ टक्के, म्हणजे शेकडा सव्वा. विनातारण असेल तर शेतकऱ्याला एक रुपया आणि इतरांना दीड. पाऊण आणि सव्वा, एवढे दोन शब्द गावागावांत पोहोचवणे हे आमचे पहिले काम असेल. विनापरवाना सावकारी हा या कायद्याने तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि तक्रार ऐकणारा अधिकारी दूर मुंबईत बसत नाही. तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाच्या कचेरीत तो अर्ज घेतला जातो.

इथे एक घोटाळा आमच्याच लोकांकडून होतो, म्हणून तो मोकळेपणाने सांगितला पाहिजे. पाऊण आणि सव्वाचा नियम वित्त कंपन्यांना लागू नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्यांवर राज्यांचे सावकारी कायदे चालत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. त्यामुळे कंपनीच्या २४ टक्क्यांविरुद्ध सहायक निबंधकाकडे गेलेला माणूस हात हलवत परत येतो आणि सगळाच कायदा खोटा आहे असे समजून बसतो. कायदा खोटा नसतो, दार चुकलेले असते. कंपनी किंवा बँक असेल तर आधी तिथेच लेखी तक्रार करून पोच घ्यायची. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. तक्रार cms.rbi.org.in वर नोंदवता येते आणि १४४४८ या क्रमांकावर विचारता येते. पतसंस्था असेल तर पुन्हा सहकार खात्याचे दार, कारण ती रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांखाली येत नाही. पावतीच्या माथ्यावर कुणाचे नाव आहे यावर दार ठरते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात कुणब्यांनी सावकारांची घरे घेरली. जिवावर उठण्याचे प्रकार फारसे झाले नाहीत. ती माणसे मागत होती ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. कागद मिळाले तिथे त्यांची होळी झाली. पुढे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा आला आणि न्यायालयांना कर्जाच्या मुळापर्यंत जाऊन हिशोब तपासायची वाट मोकळी झाली. त्या माणसांना कागद वाचता येत नव्हता, म्हणून तो जाळावा लागला. आम्हाला वाचता येतो, आमच्या मुलींना तर आमच्याहून चांगला वाचता येतो. म्हणून दीडशे वर्षांनंतरची आमची पिढी कागद जपून ठेवणार आहे.

आम्ही कर्जमाफी मागत नाही. घेतलेले मुद्दल आणि ठरलेले व्याज आम्ही फेडू. कोऱ्या कागदावर सही करणार नाही, दुसऱ्याचा दागिना आपल्या नावाने ठेवणार नाही, घर बदलले की पत्ता आणि मोबाइल बदलल्याचे शाखेत लेखी देऊ आणि पोच घेऊ. हप्ता चुकणार असे दिसले तर तोंड लपवण्याऐवजी आधी जाऊन सांगू. हे आम्ही स्वतःला घालून घेतलेले नियम आहेत, आणि ते पाळूनच पुढचे मागणे मागतो.

कराराच्या पहिल्या पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत, काहीही न भरल्यास मुदतअखेरीस देय होणारी रक्कम रुपयांत लिहा. सवलत काढायची तर चुकल्याच्या महिन्यापासून पुढे काढा, मागे जाऊ नका. दंड-आकार किती ते आधी सांगा आणि त्याला व्याजाची पोरे होऊ देऊ नका. लिलावाची सूचना नोंदणीकृत टपालाने पाठवा, मराठीतून फोन करा, आणि मुदत पत्र लिहिल्यापासून नव्हे, ते पोहोचल्यापासून मोजा. सूचनेत तीन गोष्टी असू द्या : आज किती भरले तर दागिना सुटेल, राखीव किंमत काय, लिलाव कुठे आणि कधी. लिलावानंतर विक्रीचा पूर्ण हिशोब आणि शिल्लक रक्कम न मागता द्या. यातल्या काही गोष्टी नियमांत आहेतच. त्या काउंटरवर उतरवायच्या आहेत.

आणि तोवर आम्ही थांबणार नाही. बाजाराच्या दिवशी, देवळाच्या ओट्यावर किंवा शाळेच्या वऱ्हांड्यात, आम्ही कागदवाचनाची बैठक बसवू. ज्याला सही करायची आहे त्याच्यासोबत शाखेत एक जण जाईल, गप्प बसेल, आणि एकच प्रश्न विचारायची आठवण करून देईल. लिलावाच्या जाहिरातींतले खाते क्रमांक आम्ही आमच्या पावत्यांशी ताडून पाहू, म्हणजे पत्र आले नाही तरी माणसाला वेळेत कळेल. जिथे जाहीर लिलाव आहे तिथे आमची दोन माणसे उभी राहतील आणि किती वजन, कोणता भाव, किती बोली हे वहीत टिपतील. कुणी अडवले तर तेही टिपतील. तक्रारीचे अर्ज मराठीत लिहून तयार असतील, तारीख आणि आकडे तेवढे भरायचे. वर्षभराने या वह्या एकत्र मांडल्या की कुठल्या ओळीने किती दागिने नेले ते आमच्या हातच्या आकड्यांत दिसेल, आणि मग ते आकडे घेऊन आम्ही रिझर्व्ह बँकेकडे आणि सहकार आयुक्तांकडे जाऊ.

तुमच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, अशी एक पावती असेल. ती घेऊन या. सोबत खातेउतारा असेल तर उत्तम, नसेल तर तो मागायचा अर्ज आपण तिथेच लिहू. लिफाफा असेल तर तोही आणा. बैठकीला वर्गणी नाही आणि नाव सांगायची सक्ती नाही. खाली सतरंजी असेल, मध्ये एक वही आणि एक कॅलेंडर असेल. पहिले काम एवढेच : प्रत्येकाने आपल्या पावतीवरची कर्ज घेतल्याची तारीख मोठ्याने वाचायची, आणि तिथपासून आजपर्यंतचे दिवस सगळ्यांनी मिळून मोजायचे.